n, vt, obs: शब्दकोशातली नोंद कशी वाचायची

भारतीय पासपोर्टच्या आतल्या बाजूला राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ मोकळेपणाने जाऊ द्यावे, असे तिच्या इंग्रजी मजकुरात म्हटले आहे. यातल्या let चा आपल्याला ठाऊक असलेला अर्थ ‘करू देणे, परवानगी देणे’. तो इथे बसवला, तर ‘परवानगीशिवाय जाऊ द्या’ असे काहीतरी उलटेच हाती येते. शब्दकोश उघडूनही ही चूक होऊ शकते, कारण शब्द सापडला की नजर थेट ओळखीच्या अर्थाकडे धावते. मधल्या n, vt, arch., obs. या खुणा नजरेला दिसतच नाहीत. इथला योग्य अर्थ मात्र त्या खुणांच्याच वाटेने सापडतो.

पुढे एक नोंद दिली आहे. ती कुठल्या एका कोशातून उतरवलेली नाही. मोठ्या कोशात या शब्दाची मांडणी जशी असते तशी, पण अर्थ कमी करून आणि मराठीत देऊन ती तयार केली आहे.

```
let¹  vt  arch.  [OE lettan]  अडवणे, रोखणे
let²  n   १ अडथळा  २ (टेनिस इ.) पुन्हा करायची सर्व्हिस
let³  vt  [OE lǣtan]  १ obs. मागे ठेवून जाणे
          २ होऊ देणे, करू देणे  ३ (घर इ.) भाड्याने देणे
      vi  (घर इ.) भाड्याने जाणे
```

पाच ओळींत एकमेकांविरुद्ध जाणारे अर्थ आहेत. एक let अडवतो, दुसरा जाऊ देतो. शब्दाला चिकटलेले १, २, ३ हे अर्थांचे क्रमांक नाहीत. स्पेलिंग सारखे असलेल्या या तीन स्वतंत्र नोंदी आहेत. चौकटी कंसातला OE म्हणजे जुनी इंग्रजी. तिच्यात ‘अडवणे’ आणि ‘जाऊ देणे’ यांसाठी lettan आणि lǣtan असे दोन वेगळे शब्द होते. काळाच्या ओघात दोन्ही झिजून एकाच रूपाला आले. आता यातून आपला अर्थ कसा काढायचा ते पाहू.

आधी खुणांचे पान

कोश हातात घेतल्यावर सर्वात आधी संक्षेपांची यादी शोधा. छापील कोशात ती प्रस्तावनेनंतर किंवा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला असते. दहा मिनिटे काढून ती वाचा आणि त्या पानात एक कागद घालून ठेवा. याचे कारण असे की संक्षेप सगळीकडे सारखे नसतात. विशेषणाला एका कोशात adj असेल तिथे दुसऱ्यात नुसते a असते. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत नामाला n न लिहिता sb. लिहीत, म्हणजे सबस्टँटिव्ह. त्या कोशात सकर्मक क्रियापदाची vt आणि अकर्मकाची vi या खुणाही सापडत नाहीत. तिथे अर्थाच्या आधी trans. किंवा intr. येते. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या कोशात नामापुढे n.s., सकर्मक क्रियापदापुढे v.a. आणि अकर्मकापुढे v.n. आहे. या v.n. मधला n नामाचा नव्हे. ‘न्यूटर’ या व्याकरणातल्या शब्दाचा तो n आहे. जुन्या कोशाची स्कॅन केलेली प्रत वाचताना ‘हे क्रियापदही आहे आणि नामही आहे’ असा समज इथेच होतो.

एकच अक्षर किती फसवू शकते याचा नमुना म्हणजे f. मेरियम-वेबस्टरच्या कोशात शब्दाचे मूळ सांगणाऱ्या कंसात fr. येते. पाहणाऱ्याला ते फ्रेंच वाटते, पण त्याचा अर्थ ‘-पासून’ एवढाच आहे. फ्रेंचसाठी तिथे मोठा F असतो. ऑक्सफर्डच्या जुन्या संक्षिप्त कोशात त्याच ‘-पासून’साठी f. वापरत. आणि मोल्सवर्थच्या मराठी कोशात f म्हणजे स्त्रीलिंग. म्हणून दुसऱ्या कोशाची सवय घेऊन खुणा वाचू नयेत.

वाक्यात शब्दाची जागा कोणती?

दुसरी पायरी कोशात नसते, ती वाक्यात असते. अर्थ बघण्याआधी आपल्या वाक्यात हा शब्द कोणते काम करतो ते ठरवावे. पासपोर्टच्या वाक्यात let च्या आधी ‘विदाउट’ आहे, म्हणजे ‘-शिवाय’. त्याच्यानंतर नाम येते. शिवाय ‘ऑर’ने let ला ‘हिंडरन्स’शी जोडले आहे. ‘हिंडरन्स’ हे उघडच नाम आहे, आणि ‘ऑर’ सहसा एकाच जातीचे शब्द जोडतो. दोन्ही पुरावे सांगतात की हा n आहे.

आता नोंदीकडे परत या. let¹ आणि let³ क्रियापदे असल्यामुळे ती बाजूला पडली. ‘परवानगी देणे’ हा ज्या अर्थाने आपल्याला फसवले तो let³ मध्ये होता, तोही गेला. राहिला let². त्याचे दोन अर्थ आहेत, आणि दुसऱ्याच्या आधी टेनिसची खूण आहे. म्हणून पहिला. ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ म्हणजे अडथळ्याविना, रोखल्याविना. पडताळाही त्याच पानावर आहे. पासपोर्टवरच्या हिंदी मजकुरात याच ठिकाणी ‘बिना रोक-टोक’ असे शब्द आहेत. जाता जाता एक गोष्ट: टेनिसमध्ये सर्व्हिस जाळीला लागून योग्य चौकटीत पडली की पंच ‘लेट’ म्हणतात. तोही हाच अडथळ्याचा let. अनेकांना तो ‘नेट’ वाटतो.

नाम आणि विशेषण यांत मराठी वाचकाची आणखी एक अडचण होते. मराठीत ‘दगड’ नाम आणि ‘दगडी’ विशेषण अशी रूपे वेगळी दिसतात. इंग्रजीत ‘स्टोन वॉल’ म्हणताना ‘स्टोन’ जसाच्या तसा दुसऱ्या नामाच्या आधी बसतो. मग वाचक कोशात stone पुढे adj शोधतो आणि ते सापडले नाही की गोंधळतो. अशा वेळी n च्या शेजारी often attrib अशी खूण आहे का ते पाहावे. ती असेल, तर हे नाम दुसऱ्या नामाच्या आधी विशेषणासारखे येते, असा तिचा अर्थ. भाषांतरात तिथे खुशाल ‘दगडी’ लिहा.

विशेषणांतही एक उलट खूण असते, pred. ज्या विशेषणापुढे ती असते ते नामाच्या आधी येत नाही, क्रियापदानंतर येते. asleep हे असे विशेषण आहे. मराठीत ‘झोपलेले मूल’ आणि ‘मूल झोपलेले आहे’ दोन्ही चालतात, म्हणून इंग्रजीत ‘अॅन अस्लीप चाइल्ड’ लिहिले जाते. pred. दिसली असती तर ‘स्लीपिंग चाइल्ड’ लिहिले गेले असते.

vt आणि vi: कर्म कुठे आहे?

vt म्हणजे सकर्मक क्रियापद, vi म्हणजे अकर्मक. हे शाळेत शिकलेले असते, तरी कोशात वापरताना दोन ठिकाणी अडखळायला होते.

पहिले ठिकाण वाचनाचे. मराठीत सकर्मक आणि अकर्मक रूपे पुष्कळदा वेगळी असतात: तोडणे आणि तुटणे, पाडणे आणि पडणे, उघडणे मात्र दोन्हीकडे. इंग्रजीत break एकच शब्द दोन्ही कामे करतो. म्हणून मोठ्या कोशात break च्या नोंदीत आधी vt लिहून त्याखाली अर्थांची रांग येते आणि मग vi लिहून दुसरी रांग सुरू होते. ‘फांदी तुटली’ या अर्थाचे वाक्य वाचत असाल तर vi ची रांग पाहायची, ‘त्याने फांदी तोडली’ असेल तर vt ची. वाक्यात क्रियापदाच्या लगेच पुढे ‘काय?’ किंवा ‘कोणाला?’ याचे उत्तर आहे का, एवढे पाहिले की रांग ठरते.

मेरियम-वेबस्टरसारख्या कोशात vi सुरू झाल्यावर अर्थांचे क्रमांक पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे वहीत ‘break, अर्थ ३’ एवढेच टिपले, तर पुढच्या आठवड्यात ते दोन अर्थांपैकी कोणतेही असू शकते. टिपताना ‘break, vi ३’ असे टिपावे. लांब नोंदीत ही vi ची खूण मधेच कुठेतरी ओळीत दडलेली असते, म्हणून पहिल्या काही अर्थांत आपला अर्थ मिळाला नाही तर आधी ती शोधावी.

दुसरे ठिकाण लेखनाचे, आणि चुका जास्त इथे होतात. क्रियापद मराठीत सकर्मक आहे म्हणून इंग्रजीतही vt असेल, असे नाही. आपण ‘गाणे ऐकतो’, कर्म थेट येते. पण listen हे vi आहे, त्याला कर्माआधी to लागतो. उलट, आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाविषयी चर्चा करतो, म्हणून लिहिताना discuss नंतर about आपोआप येतो. कोशात discuss पुढे vt आहे. याचा सरळ अर्थ असा की चर्चेचा विषय क्रियापदाला थेट लागतो, मध्ये about ला जागाच नाही. wait आणि await ही जोडीही अशीच आहे. पहिल्याला वाट पाहण्याच्या नेहमीच्या अर्थाने for लागतो, दुसऱ्याला काहीच नको.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. vt एवढे कळल्याने कर्म लागते हे कळते, कर्म कसले असते ते कळत नाही. माणूस की वस्तू, नाम की वाक्य, हे सांगायला शिकाऊंसाठी केलेले कोश sb आणि sth वापरतात. sb म्हणजे ‘कोणीतरी’, sth म्हणजे ‘काहीतरी’. discuss sth with sb असा आराखडा दिसला, तर विषय आधी, मग with, मग माणूस, हा क्रम हातात येतो. शिकाऊंच्या कोशात vt आणि vi ऐवजी T आणि I ही अक्षरे कंसात असतात, काम तेच. तिथला sb आणि ऑक्सफर्डच्या जुन्या कोशातला sb. यांचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. एक माणूस सांगतो, दुसरा नाम.

obs: सोडून द्या, पण कधी?

obs. म्हणजे ‘ऑब्सोलीट’, वापरातून गेलेले. arch. म्हणजे ‘आर्केइक’, जुनाट. दोन्ही ‘जुने’ म्हणून एकाच टोपलीत टाकले जातात, पण कोशकारांनी त्यांत भेद केलेला आहे. मेरियम-वेबस्टरच्या कॉलेजिएट कोशात तो वर्षासकट सांगितला आहे. १७५५नंतर वापराचा पुरावा मिळत नाही अशा शब्दाला किंवा अर्थाला obs लावतात. पूर्वी सर्रास चालणारा आणि आज क्वचित किंवा ठरावीक संदर्भातच दिसणारा असेल तर archaic. १७५५ हे जॉन्सनच्या कोशाचे साल आहे. दुसऱ्या प्रकाशकांचे कोश ही रेघ वेगळ्या ठिकाणी ओढू शकतात, तेव्हा वर्ष पाठ करून सगळीकडे लावू नये.

भेद उपयोगी कुठे पडतो? आजचे पत्र किंवा बातमी वाचताना obs. असलेला अर्थ बेधडक वगळता येतो. arch. असलेला अर्थ तसा वगळता येत नाही, कारण कायद्याचा मजकूर, प्रार्थना, कविता, ठरलेले वाक्प्रयोग यांत तो अजून भेटतो. पासपोर्टातला let अशाच एका ठरलेल्या शब्दजोडीत टिकून राहिला आहे. आणि मजकूरच जुना असेल, तर obs. आणि arch. याच आपल्या खुणा होतात. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये पहिल्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात, भुतामागे जाणाऱ्या राजपुत्राला सोबती धरून ठेवतात तेव्हा तो let ‘अडवणे’ याच अर्थाने वापरतो. तिथे let³ चा अर्थ घेतला तर मित्रांनी त्याला जाऊ दिले असे होईल, आणि प्रवेशच उलटा वाचला जाईल. स्वतः लिहिताना मात्र दोन्ही खुणा एकच सांगतात: हा अर्थ वापरू नका.

नवख्यांची सर्वात महागडी चूक अर्थांच्या क्रमाची आहे. पहिला अर्थ म्हणजे मुख्य अर्थ, असे आपण धरून चालतो. शिकाऊंच्या कोशात ते बहुतेक खरे असते, कारण तिथे जास्त वापरातले अर्थ आधी देतात. कॉलेजिएट कोशात क्रम इतिहासाचा आहे, सर्वात जुना अर्थ आधी. त्यामुळे पहिला अर्थ मेलेला असू शकतो. discuss हेच घ्या. त्या कोशात त्याचा पहिला अर्थ obs खुणेसह ‘पांगवणे, नाहीसे करणे’ असा आहे आणि चर्चेचे अर्थ त्यानंतर येतात. लॅटिन मूळ शब्दाचा अर्थ झटकून पांगवणे असा असल्याने कोशकाराच्या दृष्टीने हा क्रम चोख आहे. घाईत पहिली ओळ उचलणाऱ्याच्या हाती मात्र ‘समितीने प्रश्न नाहीसा केला’ असे भाषांतर लागते.

खूण कुठे आहे यावर तिची हद्द ठरते, हेही पाहावे लागते. obs किंवा arch. अर्थांच्या क्रमांकांच्या आधी, म्हणजे n किंवा vt च्या लगेच पुढे असेल, तर ती त्याखालच्या सगळ्या अर्थांना लागू. वर let¹ मध्ये arch. तशी आहे. क्रमांकाच्या नंतर असेल तर फक्त त्या क्रमांकापुरती, आणि त्या क्रमांकाचे अ, आ असे पोटभाग असतील तर त्या सगळ्यांना. पोटभागाच्या अक्षरानंतर असेल तर त्या एकट्याला. let³ मध्ये obs. १ च्या नंतर आहे, म्हणून ‘मागे ठेवून जाणे’ तेवढे गेले, ‘होऊ देणे’ जिवंत आहे. हद्द न पाहता ‘या नोंदीत obs. आहे’ एवढेच पाहिले तर चालू शब्द जुना समजून टाकून दिला जातो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात Obs. बरोबर † ही कट्यारीची खूणही येते, तीही शब्दाच्या किंवा अर्थाच्या आधी. मराठी छपाईत ही खूण तळटीपेसाठी वापरतात, म्हणून वाचक पानाच्या तळाशी टीप शोधत बसतो.

आणखी एक गफलत. obs. शब्दाला लागते, वस्तूला नाही. भारतात १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला. तरी इंग्रजी कोशात anna पुढे obs. नसते. रुपयाचा सोळावा भाग असलेले पूर्वीचे नाणे, असे त्याच्या अर्थातच सांगितलेले असते. त्या नाण्याबद्दल आज बोलायचे झाले तरी हाच शब्द लागतो, म्हणून शब्द जिवंत आहे. काही कोश अशा ठिकाणी hist., म्हणजे इतिहासातले, असे लिहितात. hist. असलेला शब्द लेखनात वापरायला हरकत नाही, फक्त वाक्य भूतकाळाबद्दल हवे.

स्वल्पविरामाएवढी गोष्ट

n च्या शेजारी pl दिसले तर मध्ये स्वल्पविराम आहे का ते बघा. n pl असे सलग असेल, तर ते नाम अनेकवचनातच असते, उदाहरणार्थ scissors. n, pl असे स्वल्पविरामाने तोडून पुढे एक रूप दिले असेल, तर ते नाम साधेच आहे आणि पुढे त्याचे अनेकवचन कसे होते ते सांगितले आहे. मोबाइलच्या पडद्यावर हा विराम सहज सुटतो. निदान तिथे पुष्कळदा संक्षेप उलगडून पूर्ण शब्दच दिलेला असतो, त्यामुळे vt सारख्या खुणांचा त्रास कमी होतो.

मराठी कोशात n चा अर्थ बदलतो

इंग्रजी कोशाची सवय झालेला वाचक जेव्हा मराठी कोशाकडे येतो, तेव्हा सर्वात आधी n त्याला चकवतो. जेम्स मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो, म्हणून आज भाषांतर करणारे बरेच जण तो वापरतात. त्यात शब्दापुढचा n म्हणजे नाम नव्हे, नपुंसकलिंग. m पुल्लिंग, f स्त्रीलिंग. नाम आहे हे वेगळे लिहायची गरज मोल्सवर्थला पडली नाही, लिंग सांगितले की ते नामच झाले. विशेषणाला a आणि क्रियाविशेषणाला ad असते. तेव्हा ‘डोंगर’पुढे n नाही म्हणून ते नाम नाही की काय, अशी शंका घेऊ नये. तिथे m आहे.

शब्दाच्या मुळासाठी याच कोशात मोठी अक्षरे येतात: S संस्कृत, P फारसी, A अरबी. छोटा a विशेषण आणि मोठा A अरबी, हा फरक घाईत निसटतो.

यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी संपादलेला महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात भागांत निघाला. तोही त्याच संकेतस्थळावर आहे. त्यातल्या खुणा मराठीत आहेत: पु., स्त्री., न., वि., क्रिवि. इथेही न. म्हणजे नपुंसकलिंग. क्रियापदाला अक्रि. असेल तर अकर्मक, म्हणजे इंग्रजीतला vi. चौकटी कंसात मूळ भाषा असते, [सं.], [फा.] अशी. साध्या कंसातल्या खुणा शब्द कुठे चालतो ते सांगतात. (कों.) म्हणजे कोकणात, (व.) वऱ्हाडात, (गो.) गोव्याकडे. (ल.) असेल तर पुढचा अर्थ लाक्षणिक आहे. ही (ल.) फार उपयोगी पडते. तिच्या आधीचा अर्थ शब्दशः घ्यायचा आणि नंतरचा लक्षणेने, हे ठरले की म्हणी आणि जुनी पत्रे वाचताना अर्थ लावणे सोपे जाते.

मराठीत लिंगाची खूण नुसती व्याकरणाची माहिती नसते, let च्या तीन नोंदींसारखे शब्द वेगळे करायलाही ती लागते. ‘माळ’ पु. असेल तर उघडे पठार, स्त्री. असेल तर गळ्यात घालायची. ‘हार’ पु. असेल तर फुलांचा, स्त्री. असेल तर पराभव. ‘तीर’ हे तर पूर्ण उदाहरणच आहे. समजा एखाद्या जुन्या मजकुरात वाक्य आले: ‘तीर लांब होते.’ बाण की काठ? आधी वाक्यातली जागा पाहा. ‘होते’ हे रूप नपुंसकलिंगी एकवचनाचे असू शकते, किंवा पुल्लिंगी अनेकवचनाचे. पुल्लिंगी तीर अनेकवचनातही ‘तीर’च राहतो, म्हणून एवढ्याने निकाल लागत नाही. मग कोशात जा. तिथे पु. खाली फारसीतून आलेला बाण आहे आणि न. खाली संस्कृतातला काठ. आता दोन्ही लिंगे घेऊन वाक्याच्या मागेपुढे पाहायचे. पुढच्या ओळीत ‘त्या तीरावर’ असेल तरी उपयोग नाही, कारण ‘त्या’ दोन्ही लिंगांना चालतो. ‘ते तीर दिसेना’ असे एकवचनी क्रियापद भेटले की न. ठरले, म्हणजे काठ. ‘ते तीर त्याने भात्यात घातले’ असे असेल तर भात्यानेच उत्तर दिले.